खरा लेगो की नक्कल? फोटोवरून ओळखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने किंवा वापरलेले लेगो सेट ऑनलाइन घेताना हातात येतात ते फक्त फोटो, तेही बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर आलेले. ठोकळ्याची पकड, वजन, दोन तुकडे जोडतानाचा आवाज यातलं काहीच कळत नाही. तेव्हा फोटोतून काय ठरवता येतं, काय येत नाही आणि विकणाऱ्याकडून कुठला फोटो मागायचा, एवढ्यापुरतंच हे पान आहे.

लेगोला बसणारा, पण लेगोचा नसलेला प्रत्येक ठोकळा नकलीच ना?

नाही. खालून नळ्या आणि वरून स्टड, म्हणजे गोल उंचवटे, असलेल्या विटेच्या पेटंटचा अर्ज लेगोने डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी केला. त्या पेटंटची मुदत कधीच संपली. पुढे विटेचा आकार हाच आपला ट्रेडमार्क आहे, असं म्हणून कंपनी कोर्टात गेली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये हा दावा फेटाळला. ठोकळे एकमेकांत बसवणारा आकार हा तांत्रिक उपाय आहे आणि तो कायमचा कुणा एकाचा होऊ शकत नाही, हे त्यामागचं सूत्र. म्हणून पोलंडची कोबी किंवा आता मॅटेलकडे असलेली मेगा या कंपन्या राजरोस, स्वतःच्या नावाने ठोकळे विकतात. त्यांना ‘जुळणारे ठोकळे’ म्हणावं.

नक्कल निराळी. लेगोचा अख्खा सेट, खोक्यावरचं चित्र आणि बांधणीची पुस्तिका जशीच्या तशी उचलायची आणि नाव तेवढं बदलायचं, हा प्रकार चीनच्या लेपिनने सर्वात मोठ्या प्रमाणावर केला. २०१९ च्या एप्रिलमध्ये शांघाय पोलिसांनी धाडी घातल्या. २०२० मध्ये मुख्य आरोपीला सहा वर्षांची कैद आणि नऊ कोटी युआन दंड झाला. तरी लेपिनचा माल घराघरांत आधीच पोचलेला होता. तोच आता खोक्याविना, सुटा, ‘लेगो सेट, एकदाच जोडलेला’ अशा मथळ्याखाली परत बाजारात येतो. आपल्याकडे त्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात. तसं स्पष्ट सांगून विकणारा निदान फसवत तरी नाही.

फोटोत आधी काय बघायचं?

स्टडचा माथा. खऱ्या विटेच्या प्रत्येक भरीव स्टडवर रोमन लिपीत लेगोची चार अक्षरं उठावदार असतात. ती छापलेली नसून साच्यातूनच येतात, त्यामुळे खेळून घासली तरी सहसा पूर्ण जात नाहीत. एका विटेवरची सगळी अक्षरं एकाच दिशेने वाचता येतात. जुळणाऱ्या ठोकळ्यांवर दुसरंच नाव असू शकतं, कोबीच्या स्टडवर कोबी असतं. लेपिनसारख्या नकलांचे स्टड बहुधा कोरे असतात. अख्खा सेट चोरणारेही ही चार अक्षरं टाकायला कचरतात, कारण तिथे थेट ट्रेडमार्कचा गुन्हा होतो.

बाकीच्या तिन्ही गोष्टी, म्हणजे साच्याच्या खुणा, रंग आणि खोका, स्टडनंतर. क्रमही हाच ठेवावा. बरेच जण उलटं करतात, आधी खोका बघून हुरळतात आणि मग स्टडकडे काणाडोळा करतात.

मी फोटो मोठा करून पाहिला, स्टड कोरे दिसतात. म्हणजे नकलीच?

सगळ्यात जास्त चुकीचे निकाल इथेच लागतात. थोडा हिशोब करू.

स्टडचा व्यास ४.८ मिलिमीटर. एका स्टडच्या मध्यापासून पुढच्या स्टडच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. समजा फोनने ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो काढला आणि त्यात एक मीटर रुंदीचं टेबल मावलंय. म्हणजे एका मिलिमीटरला चार पिक्सेल, आणि एका स्टडला जेमतेम १९. त्यात चार अक्षरं बसवायची, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला चार-पाच पिक्सेल. हाच फोटो व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आला की लांबी साधारण १६०० पिक्सेलवर येते. आता अख्ख्या स्टडला आठ पिक्सेल उरले. अशा फोटोत खरा लेगोही कोराच दिसणार. तो कितीही मोठा करा, नसलेली माहिती येत नाही.

आता फोन जवळ नेऊन फक्त आठ सेंटिमीटर, म्हणजे ओळीने दहा स्टड चौकटीत घेतले, तर व्हॉट्सॲपच्या त्याच १६०० पिक्सेलमध्ये एका स्टडला ९६ पिक्सेल मिळतात. अक्षरं असतील तर ती दिसलीच पाहिजेत. म्हणून फोटो मागताना ‘क्लोजअप पाठवा’ एवढंच न म्हणता ‘दहा स्टड मावतील एवढ्या जवळून’ असं सांगावं.

प्रकाशही महत्त्वाचा. अक्षरांचा उठाव फार थोडा असतो. समोरून फ्लॅश मारला की माथा पांढरा चमकतो आणि अक्षरं बुजतात. खिडकीतला उजेड बाजूने, तिरका पडला की प्रत्येक अक्षराला बारीक सावली येते. काळ्या आणि पांढऱ्या विटांवर तर तिरक्या उजेडाशिवाय काहीच दिसत नाही. कमी उजेडात फोन स्वतःहून फोटो गुळगुळीत करतो, त्यातही अक्षरं पुसली जातात.

स्टड खरंच कोरा आहे की फोटोनेच पुसलाय, हे ठरवायची माझी खूण साधी आहे. त्याच स्टडवर बारीक ओरखडा, धूळ किंवा केस स्पष्ट दिसतोय का? धुळीचा कण दिसतो आणि अक्षरं दिसत नाहीत, तर स्टड कोरा. धूळही दिसत नसेल तर निकाल द्यायचा नाही, दुसरा फोटो मागायचा.

खऱ्या लेगोतही अक्षरं नसलेले तुकडे असतात का?

असतात. गुळगुळीत टाइलला वर स्टडच नसतो, खूण खालच्या बाजूला शोधावी लागते. टेक्निक या लेगोच्या यंत्रांच्या मालिकेतल्या पिना आणि ॲक्सल यांचंही तसंच. पोकळ स्टडवर माथाच नसल्याने चार अक्षरं नेहमीसारखी बसत नाहीत. आणि १९४९ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या विटांचे स्टड कोरेच होते, पण त्या भारतातल्या माळ्यावर सापडण्याची आशा धरू नये.

तेव्हा साध्या, भरीव स्टडच्या विटा आणि प्लेटा, म्हणजे चपटे ठोकळे, निवडूनच तपासा. दोन बाय चारची वीट सगळ्यात सोयीची, एकाच तुकड्यावर आठ स्टड मिळतात.

खालच्या बाजूचे आकडे आणि ठिपके काय सांगतात?

वीट उलटी केली की आत, नळ्यांच्या आसपास किंवा छताच्या आतल्या बाजूला, बारीक उठावदार मजकूर असतो. त्यात लेगोचं नाव, हक्काची खूण, तुकड्याच्या आकाराचा क्रमांक आणि साच्यातल्या कप्प्याचा आकडा यांपैकी काही ना काही मिळतं. आकाराचा क्रमांक सर्वात कामाचा, कारण तो पडताळता येतो. दोन बाय चारची वीट 3001, दोन बाय दोनची 3003, दोन बाय चारची प्लेट 3020, एक बाय दोनची प्लेट 3023. BrickLink किंवा Rebrickable या लेगोच्या तुकड्यांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर क्रमांक टाकला की तुकड्याचं चित्र येतं. चित्र आणि हातातला तुकडा जुळला तर ठीक. एकाच आकाराचे साचे कंपनीने वेळोवेळी बदललेत, म्हणून क्रमांक किंचित वेगळा निघाला तर लगेच बोंब मारू नये. त्या क्रमांकाखालीही तोच आकार दाखवतात का, ते बघावं.

दुसरी खूण म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरतं ती जागा. तिथे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका राहतो. हल्लीच्या बऱ्याच खऱ्या विटांमध्ये तो एखाद्या स्टडच्या माथ्यावर अक्षरांच्या मधोमध असतो, म्हणजे दुसरी वीट वर बसली की लपतो. जुन्या विटांमध्ये तो कडेलाही सापडतो. नकलेत हा ठिपका दर्शनी भिंतीवर, ओबडधोबड, कधी हाताला लागेल असा असतो. जोडीला कडांना प्लास्टिकची पातळ झालर दिसते. साच्याचे दोन भाग नीट मिटले नाहीत की ती येते. एका तुकड्यावर झालर दिसली तर मी सोडून देतो. फोटोतल्या निम्म्या तुकड्यांवर असेल तर मग लेगोचं नाव घ्यायचं कारण नाही.

या बाबतीत एक मर्यादा लक्षात ठेवा. खालचा मजकूर स्टडवरच्या अक्षरांहून बारीक असतो आणि सावलीत असतो. फोटोत तो वाचता आला तर पुरावा भक्कम. वाचता आला नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

रंग वेगळा वाटतो. तेवढ्यावर नकली म्हणता येईल?

नाही. रंगावरून फक्त शंका घ्यावी, निकाल देऊ नये. फोनचा कॅमेरा पिवळ्या बल्बखाली एक रंग दाखवतो आणि ट्यूबलाइटखाली दुसरा. त्यात तुमच्या स्क्रीनची भर. फोटोत तुकड्यांशेजारी साधा पांढरा कागद ठेवायला सांगा. कागद पिवळसर दिसत असेल तर ठोकळ्यांच्या रंगाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

शिवाय खऱ्या लेगोचे रंगही स्थिर नाहीत. २००४ च्या सुमारास कंपनीने फिकट राखाडी, गडद राखाडी आणि तपकिरी हे तिन्ही रंग बदलले. आधीचा राखाडी किंचित पिवळट-हिरवट झाकेचा होता, नंतरचा निळसर झाला. दोन्ही पिढ्यांचे तुकडे एका डब्यात आले की नवख्या माणसाला अर्धा डबा नकली वाटतो. पांढऱ्या आणि निळ्या विटा उन्हाने पिवळट पडतात. हा प्लास्टिकचा गुण आहे, नकलीपणाचा नाही. नकलाही लेगोसारख्या एबीएस प्लास्टिकच्याच असल्या तर त्याही पिवळ्या पडतात, म्हणून ‘पिवळं पडलंय म्हणजे जुनं, म्हणजे ओरिजिनल’ हा विकणाऱ्यांचा आवडता युक्तिवादही लंगडा.

रंगाचा खरा उपयोग तुलनेत आहे. एकाच फोटोत, एकाच उजेडात, शेजारी-शेजारी असलेले आणि एकाच रंगाचे असायला हवेत असे तुकडे बघा. २०१० नंतरच्या सेटमधली एकच भिंत तीन छटांची दिसत असेल आणि त्या छटा कुठल्याही क्रमाशिवाय विखुरलेल्या असतील, तर माल वेगवेगळ्या घाण्यांतला आहे आणि रंगावर कुणाचं लक्ष नव्हतं. उन्हामुळे आलेला फरक असा विखुरत नाही. तो खिडकीकडच्या बाजूला एकसारखा असतो.

सीलबंद खोका आहे. आता तरी खात्री?

खोक्याची छपाई ही नक्कल करायला सगळ्यात सोपी गोष्ट आहे, म्हणून मी ती शेवटी बघतो. तरी काही गोष्टी लगेच कळतात. लेपिनने आपला लोगोही लाल चौकोनात लेगोच्या धाटणीने बसवला होता. त्यांच्या काही खोक्यांवर स्टार वॉर्समधल्या ‘वॉर्स’च्या स्पेलिंगमध्ये दुसरं अक्षर ‘ए’ऐवजी ‘एन’ असे. लांबून सगळं बरोबर वाटावं, एवढाच हेतू.

सेट क्रमांक, तुकड्यांची संख्या आणि वयोगट खोक्यावर असतात. क्रमांक BrickLink वर टाकून चित्र आणि संख्या जुळवा. बारकोडचा फोटो मागा. युरोपसाठीच्या खऱ्या खोक्यांचे कोड साधारणपणे 5702 ने सुरू होतात, अमेरिकेतले 673419 ने. कोड बरोबर निघाला म्हणून खोका खरा ठरत नाही, आकडे कुणीही छापू शकतो. पण भलताच निघाला तर प्रश्न विचारायला जागा मिळते. छपाईचा जवळून फोटो मिळाला तर बारीक अक्षरांच्या कडा बघा. स्कॅन करून पुन्हा छापलेल्या चित्रात बारीक मजकूर फुगतो आणि गडद भागात तपशील काळे होतात.

‘मेड इन चायना’ दिसलं की लोक घाबरतात. त्याचं कारण नाही. लेगोचा स्वतःचा कारखाना चीनमधल्या जियाशिंगला आहे. शिवाय हंगेरी, मेक्सिको, चेक प्रजासत्ताक यांची नावंही खोक्यांवर असतात. आतल्या पिशव्या कागदी निघाल्या तरी बिचकू नका, कंपनीने २०२१ पासून कागदी पिशव्या आणायला सुरुवात केली आहे.

आयएसआय चिन्हाचा गोंधळही इथेच मिटवू. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकायच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. ते सुरक्षिततेबद्दल बोलतं, खेळणं कुणाचं आहे याबद्दल नाही. जुळणाऱ्या ठोकळ्यांच्या खोक्यावरही ते रीतसर असू शकतं, आणि मामाने दुबईहून आणलेल्या अस्सल लेगोवर नसूही शकतं.

मिनीफिगर, म्हणजे सेटमधल्या छोट्या बाहुल्या, कशा तपासायच्या?

डोकं काढून. खऱ्या धडाच्या मानेच्या खुंटीवर लेगोची अक्षरं असतात. ती जोडलेल्या अवस्थेत दिसत नाहीत, म्हणून विकणाऱ्याने फक्त उभ्या बाहुल्यांचा फोटो दिला असेल तर तो तपासणीच्या कामाचा नाही. नंतर छातीवरची छपाई. नकलेत ती अशी दिसते: रेषा कडेला तुटक, रंग काळ्या रेषेबाहेर सरकलेला, त्वचेचा पिवळा किंवा गुलाबी रंग गडद प्लास्टिकवर छापल्यामुळे मळकट. सुट्या बाहुल्यांना चांगला भाव येतो, म्हणून अक्षरांसकट नकला होतात त्या मुख्यतः यांच्याच. महागड्या एकट्या बाहुलीबद्दल फोटोवरून ठाम मत देणाऱ्याचं मी तरी ऐकणार नाही.

एक उदाहरण घेऊन दाखवाल का?

समजा, ठाण्यातला कुणी 75192 क्रमांकाचा मिलेनियम फाल्कन, म्हणजे स्टार वॉर्समधल्या जहाजाचा सेट, विकतोय. २०१७ चा सेट, ७५४१ तुकडे, जोडलेला असताना सुमारे ८४ सेंटिमीटर लांब. खोका नाही, ‘जागा नव्हती म्हणून टाकला’. किंमत मूळच्या पाव. चार फोटो आहेत: वरून एक, दोन बाजूंनी, आणि शेल्फवर मांडलेल्या बाहुल्यांचा एक. हा सेट नकलांमध्ये भरपूर विकला गेलेला, तेव्हा सावध.

खोका नसण्यावर अडू नका. मुंबईच्या फ्लॅटमध्ये एवढा खोका ठेवणं खरंच अवघड. वरच्या फोटोत स्टड कोरे दिसतात, पण वर केलेला हिशोब आठवा: एवढं जहाज एका चौकटीत घेतल्यावर काहीच ठरत नाही. बाजूच्या फोटोत राखाडी प्लेटा दोन छटांच्या आहेत. सेटमध्ये फिकट आणि गडद दोन्ही राखाडी मुळातच आहेत, पण शेजारच्या दोन फिकट प्लेटा वेगळ्या दिसल्या तर ती नोंद करून ठेवायची.

आता तीन फोटो मागायचे. पहिला, वरच्या पृष्ठभागावरच्या दहा स्टडचा, खिडकीच्या उजेडात. दुसरा, पोटाकडून, तुम्ही सांगाल त्या जागेचा. जागा तुम्हीच निवडायची, कारण वर दिसणाऱ्या चार जागी खऱ्या प्लेटा लावून बाकी सगळं नकली ठेवणारेही असतात. तिसरा, हान, रे आणि फिन या सेटमधल्या बाहुल्यांची डोकी काढून मानेच्या खुंट्यांचा.

पहिल्या फोटोत स्टडवर धुळीचे कण स्वच्छ दिसले आणि अक्षरं नाहीत, तर इथेच थांबा. बाकीचे फोटो बघायची गरज नाही. अक्षरं आहेत पण पोटाकडच्या प्लेटा कोऱ्या, तर सेट मिश्र आहे. तिन्ही ठिकाणी अक्षरं असतील तर दोन राखाडी छटांचा मुद्दा सोडून द्या आणि पाव किंमत का, ते विचारा. हरवलेले तुकडे हे उत्तर आलं तर यादी मागा.

विकणाऱ्याला न दुखवता फोटो कसे मागायचे?

पहिल्याच मेसेजमध्ये ‘ओरिजिनल आहे ना?’ विचारू नका, उत्तर ‘हो’ असंच येतं. असं लिहा:

‘नमस्कार. सेट आवडला, घ्यायचा विचार आहे. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता तीन फोटो पाठवाल का? साधारण दहा स्टड मावतील इतक्या जवळून एक, खालच्या बाजूचा एक आणि बाहुल्यांची डोकी काढून एक. शक्य असल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फोटो लहान होणार नाहीत.’

अनेकांना स्वतःलाच माहीत नसतं की घरात आहे ते काय आहे. मुलाला वाढदिवसाला मिळालेला सेट, आता मुलगा कॉलेजला. असे लोक फोटो आनंदाने पाठवतात, आणि कोरे स्टड दाखवले तर किंमतही कमी करतात. सराईत मात्र ‘घ्यायचं तर घ्या, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणतो.

किलोवर मिळणाऱ्या सुट्या ढिगाचं काय?

ढिगात नकली तुकडे असणारच, असं धरूनच चालावं. फोटो मागताना ढीग पसरून, एका थरात मागा. त्यातल्या दोन बाय चारच्या विटा मोजा, मग त्यांतल्या किती अक्षरांच्या दिसतात ते मोजा. वीसपैकी पंधरांवर अक्षरं असतील तर साधारण तेवढ्याच प्रमाणात भाव द्यायला हरकत नाही. पण प्लेटा आणि बारीक तुकडे या मोजणीत येत नाहीत, नकलांचा भरणा तिथेच जास्त असू शकतो, म्हणून मी त्यातूनही थोडं कापून बोलतो. घरी आल्यावर वेगळे काढलेले कोरे तुकडे टाकू नका. पकड बरी असेल तर आतल्या भरावाला, जिथे कुणी बघत नाही तिथे, ते चालतात. फक्त पुढे तो सेट विकताना तसं सांगा.